आठ सेल, बारा व्होल्ट: फवारणी पंपाची बॅटरी नेमकी कशी जुळते

कपाशीवर तुडतुडे, मावा, फुलकिडे दिसू लागले की खानदेशात पाठीवरचे बॅटरी पंप बाहेर निघतात, ते बोंडअळीच्या फवारण्या संपेपर्यंत खुंटीला लागत नाहीत. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, या पंपाची पहिली तक्रार बॅटरीचीच असते. मोटार चालते, नोझल बदलता येते, टाकीला भेग गेली तरी जोडता येते, पण आत बसवलेली बारा व्होल्ट आठ एएचची शिसे-आम्लाची बॅटरी दोन हंगामांनंतर निम्मी टाकीही धड मारू देत नाही. तिच्या जागी लिथियमच्या गोल सेलचा पॅक बसवणारी दुकाने आता तालुक्याच्या गावीही आहेत. पॅक मिळतो, पण आतले आठ सेल असेच का जोडले आणि तसेच का नाही, हे सांगणारा क्वचित भेटतो. एकदा ते कळले की पॅक विकत घेतानाही आणि बिघडल्यावरही माणूस अंदाजावर राहत नाही. म्हणून या एकाच पॅकचा हिशोब इथे शेवटपर्यंत करतो.

आधी पंपाला काय लागते ते बघू. मोटार बारा व्होल्टची. चालू असताना ती तीन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते असे धरू. तुमच्या पंपाचा आकडा थोडा वेगळा असेल, क्लँप मीटर लावून मोजता येतो. सकाळच्या पाळीत साडेतीन तास पंप चालायला हवा, तर तीन अँपिअर गुणिले साडेतीन तास, म्हणजे साडेदहा एएच. इथे पुष्कळांना प्रश्न पडतो की जुनी बॅटरी तर आठ एएचचीच होती, मग आता जास्त कशाला? शिसे-आम्लाच्या बॅटरीवर लिहिलेला आठचा आकडा वीस तास अगदी सावकाश वापरण्याचा असतो, म्हणजे जेमतेम ०.४ अँपिअरने. तिच्यातून एकदम तीन अँपिअर ओढले की हाती सहाच्या आसपासच लागतात. लिथियम सेलमध्ये ही घट फार थोडी असते. तर आपले लक्ष्य असे ठरले: बारा व्होल्टच्या जवळपास दाब, आणि साडेदहा एएचपेक्षा थोडी जास्त क्षमता.

सेल कोणता घ्यायचा? या कामाला लिथियम आयर्न फॉस्फेटचा ३२७०० नावाचा सेल सर्रास वापरतात. नावातच माप आहे: ३२ मिलिमीटर व्यास, ७० मिलिमीटर उंची. एक सेल ३.२ व्होल्टचा आणि सहा एएचचा. एकट्या सेलने मोटार फिरणार नाही, आणि साडेतीन तास तर मुळीच नाही. दाबही वाढवायचा आहे आणि क्षमताही, पण या दोन गोष्टी दोन निरनिराळ्या जोडण्यांनी वाढतात.

सिरीजने दाब, पॅरललने क्षमता

एका सेलचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला जोडले की ती सिरीज जोडणी. दोन सेलचे ३.२ आणि ३.२ मिळून ६.४ व्होल्ट होतात, चार सेलचे १२.८. पण क्षमता सहा एएचच राहते, आणि तिथेच लोकांची गफलत होते. सेल चार लावले, मग एएच चौपट का नाही? कारण सिरीजमध्ये प्रवाहाला वाट एकच असते. मोटारीतून तीन अँपिअर जात असतील, तर तेच तीन अँपिअर पहिल्या सेलमधूनही जातात, दुसऱ्यातूनही, तिसऱ्यातूनही आणि चौथ्यातूनही. तासाभरात प्रत्येक सेल तीन एएच गमावतो. दोन तासांनी चारही सेल एकदमच रिकामे.

सगळ्या सेलची धन टोके एकत्र आणि ऋण टोके एकत्र जोडली की पॅरलल जोडणी. शेतात शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन टाक्या तळाशी नळीने जोडल्या की पाण्याची पातळी दोन्हींत सारखी राहते आणि पाणी मात्र दुप्पट असते, तसेच हे. दाब ३.२ व्होल्टच, क्षमता बारा एएच. मोटारीचे तीन अँपिअर दोघांत वाटले जातात, प्रत्येकावर साधारण दीड-दीड. टाक्यांच्या उदाहरणातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामी येणार आहे: पॅरललमधले सेल आपसात पातळी सारखी करून घेतात. सिरीजमधले सेल तसे करू शकत नाहीत.

आता आपला हिशोब. बारा व्होल्टसाठी १२ भागिले ३.२, म्हणजे पावणेचार, म्हणून सिरीजमध्ये चार. साडेदहा एएचसाठी साडेदहा भागिले सहा, म्हणजे पावणेदोन, म्हणून पॅरललमध्ये दोन. चार गुणिले दोन, आठ सेल. पॅकवर ही जोडणी ‘चार एस दोन पी’ अशी लिहिलेली असते: एस म्हणजे सिरीजमध्ये किती, पी म्हणजे पॅरललमध्ये किती. हा पॅक १२.८ व्होल्ट आणि १२ एएचचा झाला.

पॅकवरचा आकडा खरा की खोटा हे ताडायला एक सोपा गुणाकार आहे. व्होल्ट गुणिले एएच म्हणजे वॅट-तास. आपल्या पॅकचे १२.८ गुणिले १२, म्हणजे १५३.६ वॅट-तास. आता एका सेलचे बघा: ३.२ गुणिले ६, म्हणजे १९.२. आठ सेलचे तेवढेच, १५३.६. हेच आठ सेल सगळे सिरीजमध्ये लावा, २५.६ व्होल्ट आणि ६ एएच होतील. सगळे पॅरललमध्ये लावा, ३.२ व्होल्ट आणि ४८ एएच होतील. गुणाकार प्रत्येक वेळी १५३.६ च येतो. जोडणी बदलल्याने ऊर्जा तसूभरही वाढत नाही, फक्त तिचे रूप बदलते. म्हणून आत आठच सेल असलेल्या पॅकवर कुणी बारा व्होल्ट वीस एएच असे स्टिकर लावले असेल, तर ते स्टिकर खोटे आहे.

एक शंका मात्र रास्त आहे. बाजारात ३.६ व्होल्टचे, जास्त ऊर्जेचे दुसरे लिथियम सेलही मिळतात, लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसे. ते का नकोत? त्यांचा मेळ बारा व्होल्टशी बसत नाही. तीन सिरीजमध्ये लावले तर पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट आणि संपत आल्यावर नऊच्या घरात. म्हणजे शेवटच्या टाक्यांना फवारा मरतो, थेंब मोठे पडतात. चार लावले तर भरल्यावर १६.८ व्होल्ट, बारा व्होल्टच्या मोटारीला ते जाच करतात. आयर्न फॉस्फेटचे चार सेल चार्जिंगच्या शेवटी १४.६ पर्यंत जातात, चार्जर काढला की साडेतेराच्या खाली येतात आणि बराच वेळ तेराच्या आसपास टिकून राहतात. सिरीजची संख्या ठरवताना नुसत्या छापील व्होल्टवर जाऊ नये. भरलेल्या आणि रिकाम्या अशा दोन्ही टोकांचे व्होल्ट यंत्राला झेपतात का ते बघावे.

‘दोन सेल उरलेत, तेही लावून टाका ना’

दुकानात हे वाक्य हमखास ऐकू येते. गिऱ्हाईक दहा सेल घेऊन आलेला असतो. आठ लागले, दोन उरले. भाऊ, उरलेले दोन घरी नेऊन काय करू, तेही आतच जोडा, तेवढाच पंप जास्त चालेल. बोलणे पटण्याजोगे वाटते, पण त्या दोन सेलचा काडीचाही उपयोग होणार नाही.

आपल्या पॅकमध्ये चार जोड्या एकामागे एक आहेत. प्रत्येक जोडी बारा एएचची. उरलेल्यांपैकी एक पहिल्या जोडीला आणि एक दुसऱ्या जोडीला जोडला, तर त्या दोन जोड्या अठरा एएचच्या होतील. पण तिसरी आणि चौथी अजून बाराच्याच. प्रवाह चारही जोड्यांतून सारखा वाहतो. चार तासांनी बारा एएच गेले की तिसरी-चौथी जोडी संपली आणि पंप थांबला. पहिल्या दोघींत सहा-सहा एएच तसेच पडून राहिले, आणि ते बाहेर काढायला वाटच नाही. क्षमता वाढवायची तर चारही जागी वाढवावी लागते. म्हणून या पॅकमध्ये सेल चाराच्या पटीतच वाढतात: आठ, नाही तर बारा, नाही तर सोळा.

सिरीजमधल्या पॅकची क्षमता ही सगळ्यात कमकुवत गटाची क्षमता असते. बाकीचे सगळे नियम याच एका नियमातून निघतात.

आपल्याकडच्या ई-रिक्षांच्या बाबतीतही हेच घडते. बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये, मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट. एक बॅटरी गेली की फक्त तेवढीच नवी बसवतात. नवी बॅटरी दमदार असते, पण गाडी तिच्या दमावर जात नाही. उरलेल्या तीन जुन्यांतली जी सर्वांत थकलेली, तिच्यापाशी गाडी थांबते. आणि अंतर कमी पडते म्हणून पाचवी बॅटरी त्याच साखळीत जोडली, तर अंतराऐवजी व्होल्ट वाढतात. साठ व्होल्ट अठ्ठेचाळीसच्या कंट्रोलरला सोसवत नाहीत.

एकसारखे सेलही एकसारखे नसतात

एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले, वर सहा एएच छापलेले आठ सेल घेतले तरी त्यांची खरी क्षमता थोडीथोडी वेगळी निघते. ती मोजावी लागते. सेल पूर्ण चार्ज करायचा, म्हणजे ३.६५ व्होल्टपर्यंत, आणि मग कपॅसिटी टेस्टरवर २.५ व्होल्टपर्यंत रिकामा करायचा. सव्वा अँपिअरच्या आसपास प्रवाह ठेवला तर एका सेलला पावणेपाच तासांच्या आसपास लागतात. काम कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय नाही. नुसते व्होल्ट बघून क्षमता कळत नाही.

समजा आठ सेलचे आकडे असे आले: ६.०२, ५.९५, ५.८८, ५.८१, ५.७६, ५.७०, ५.६४ आणि ५.५६. हातात आले तसे लावले, म्हणजे पहिले दोन एका जोडीत, शेवटचे दोन एका जोडीत, तर पहिली जोडी ११.९७ एएचची होते आणि शेवटची ११.२०. पॅक कितीचा? ११.२० चा. आता सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांची जोडी लावा, मग दुसरा मोठा आणि दुसरा लहान, असे आत येत जा. ६.०२ आणि ५.५६ मिळून ११.५८. ५.९५ आणि ५.६४ मिळून ११.५९. ५.८८ आणि ५.७० मिळून ११.५८. ५.८१ आणि ५.७६ मिळून ११.५७. तेच आठ सेल, पण पॅक ११.५७ चा झाला. तीन अँपिअरवर पंप सात मिनिटांहून थोडा अधिक वेळ चालेल.

सात मिनिटांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. नव्या सेलमध्ये फरक कमी असतो म्हणून सात मिनिटे. जुन्या पॅकमधून काढलेले सेल मिसळून बनवलेल्या पॅकमध्ये एक जोडी नऊ एएचवर आलेली असू शकते. मग बाकी तिन्ही जोड्या बाराच्या असल्या तरी पॅक नऊचा, आणि पंप तासभर आधीच बंद. शिवाय ही कमकुवत जोडी दर फेरीला तळापर्यंत जाते आणि दर चार्जिंगला काठोकाठ भरते, बाकीच्या मात्र मधल्या पट्ट्यात सुखाने राहतात. म्हणून जी आधीच थकलेली, तीच सगळ्यांत लवकर झिजत जाते. जुने-नवे सेल एका पॅकमध्ये मिसळू नयेत याचे खरे कारण हे आहे. जोड्या कितीही हुशारीने लावल्या तरी ही दरी वाढतच जाते.

जोडण्याआधी सगळे काठोकाठ भरा

क्षमता जुळली, पण अजून एक गोष्ट जुळवायची राहिली: आत्ता या क्षणी प्रत्येक सेल किती भरलेला आहे. तळाशी जोडलेल्या टाक्या इथे आठवा. भरलेला सेल आणि रिकामा सेल पॅरललमध्ये सरळ चिकटवले, तर पातळी सारखी करायला प्रवाह एकदम धावतो. एकाचे व्होल्ट ३.३५ आणि दुसऱ्याचे ३.०, म्हणजे फरक ०.३५. दोन सेलचा आतला रोध आणि जोडणीचा रोध मिळून वीसेक मिलिओहम धरला, तर पहिल्या झटक्याला सतरा-अठरा अँपिअर वाहतील. एवढ्या जोराने चार्ज होणे सहा एएचच्या सेलला मानवत नाही.

आयर्न फॉस्फेटची खोड अशी की दोन सेलचे व्होल्ट सारखे दिसले तरी ते सारखे भरलेले असतीलच असे नाही. या सेलचे व्होल्ट मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट असतात. एक तीस टक्के भरलेला आणि दुसरा सत्तर टक्के भरलेला असला, तरी मीटरवर फरक काही शतांश व्होल्टचाच दिसतो. खरा फरक दिसतो तो दोन टोकांना, पूर्ण भरत आल्यावर किंवा पूर्ण संपत आल्यावर. म्हणून आधी प्रत्येक सेल वेगळा ३.६५ पर्यंत भरून घ्यायचा. मग आठही सेल पॅरललमध्ये एकत्र जोडून त्यांच्यावर ३.६५ व्होल्टचा पॉवर सप्लाय लावायचा आणि प्रवाह घटत घटत नगण्य होईपर्यंत थांबायचे. आता आठही सेल एका रेषेत आले. हे केल्याशिवाय सिरीज जोडणी करणे म्हणजे पुढच्या सगळ्या तक्रारींना आधीच आवतण देणे.

जोडताना आधी पॅरलल, मग सिरीज. दोन-दोन सेलच्या चार जोड्या करायच्या आणि त्या एकामागे एक लावायच्या. उलट पद्धतीने, म्हणजे चार-चार सेलच्या दोन वेगळ्या साखळ्या करून त्या शेवटी एकत्र जोडल्या, तरी मीटरवर १२.८ व्होल्ट आणि १२ एएचच येतील. पण तेव्हा चार गटांऐवजी आठ सेल वेगवेगळे सांभाळावे लागतात, आणि एका साखळीतला दुबळा सेल शेजारच्या साखळीतल्या सेलकडून मदत घेऊ शकत नाही. जोडी आधी केली की दोन सेल कायमचे एकमेकांना सांभाळून घेतात आणि बाहेरून बघताना तो बारा एएचचा एकच सेल वाटतो.

मांडणी डोळ्यांसमोर आणा. चार रांगा, प्रत्येक रांगेत दोन सेल. पहिल्या रांगेची ऋण टोके वर, दुसरीची धन वर, तिसरीची ऋण वर, चौथीची धन वर. खालच्या बाजूला पहिली आणि दुसरी रांग एका पट्टीने जोडायची, तिसरी आणि चौथी दुसऱ्या पट्टीने. वरच्या बाजूला फक्त दुसरी आणि तिसरी. वर उरलेली पहिली रांग म्हणजे पॅकचे ऋण टोक आणि चौथी रांग म्हणजे धन टोक. या दोन्ही रांगांतले दोन-दोन सेल वर आपापल्या छोट्या पट्टीने जोडलेले. चुकून वरही पहिली-दुसरी रांग पट्टीने जोडली गेली, तर त्या दोन जोड्यांचा सरळ शॉर्ट होतो. शेकडो अँपिअर वाहतात, पट्टी लाल होते आणि हात भाजतो. म्हणून वेल्डिंगच्या आधी कागदावर चित्र काढावे आणि वरची बाजू करताना खालची बाजू टेपने झाकलेली असावी. गोल सेलचे धन टोक मधोमध असते, पण त्याच्याभोवतीची कड ही ऋण असते. मध्ये फक्त पातळ वेष्टन. धन टोकाभोवती जाड कागदाचे चिकट कडे लावल्याशिवाय त्यावरून पट्टी नेऊ नये.

पट्टी शुद्ध निकेलची हवी. लोखंडावर निकेलचा मुलामा दिलेली पट्टी स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त, ती तापते. चुंबकाने फरक कळत नाही, कारण निकेललाही चुंबक चिकटतो. तुकडा कानशीने खरवडून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी तांबूस गंज दिसला तर आत लोखंड आहे.

बीएमएस काय बघते आणि काय नाही

पॅकमध्ये एक छोटी हिरवी किंवा निळी पाटी असते, तिला बीएमएस म्हणतात. चार सिरीजच्या पाटीला पाच बारीक तारा असतात: एक पॅकच्या ऋण टोकाला, पुढच्या तीन जोड्यांमधल्या सांध्यांना आणि शेवटची धन टोकाला. तारा लावून झाल्यावर पाटीत घुसवण्याआधी ऋण तारेपासून एकेक तार मोजायची. नुकत्या भरलेल्या पॅकमध्ये ३.३ च्या पटीत आकडे चढत गेले पाहिजेत: ३.३, ६.६, ९.९, १३.२. एखादा आकडा मागेपुढे दिसला तर तार चुकीच्या सांध्यावर आहे, आणि तशीच घुसवली तर पाटी जळते.

या पाटीचे काम कुठलीही एक जोडी मर्यादेबाहेर जाऊ न देणे. कुठल्याही जोडीचे व्होल्ट अडीचच्या आसपास उतरले की पाटी पंप बंद करते, कुठल्याही जोडीचे ३.६५ च्या थोडे वर गेले की चार्जिंग तोडते. पाटी नसेल तर कमकुवत जोडी रिकामी झाल्यावरही बाकीच्या तीन जोड्या तिच्यातून प्रवाह रेटत राहतात. तिचे व्होल्ट शून्यावर येतात, मग उलटे होतात. अशा सेलमधले तांबे विरघळते आणि पुन्हा चार्ज केल्यावर आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो. असा सेल नंतर चांगला दिसला तरी वापरू नये.

पण पाटी जोडी बघते, सेल नाही. जोडीत एक धडधाकट आणि एक आजारी असेल तर तिला दोघांचे मिळून एकच व्होल्ट दिसते. आणि बॅलन्सिंगबद्दलही नीट समजून घ्या. साध्या पाट्या चार्जिंगच्या शेवटी जास्त भरलेल्या जोडीतले काही दशक मिलिअँपिअर उष्णतेत घालवतात, जेणेकरून मागे पडलेल्या जोड्यांना वेळ मिळावा. ५० मिलिअँपिअर धरले तर ०.४ एएचचा फरक भरून यायला आठ तास लागतात. छोटी तफावत रोज थोडीथोडी मिटते, एवढेच तिचे सामर्थ्य. जोडीची क्षमताच कमी असेल तर ती कुठलीही पाटी वाढवू शकत नाही.

चार्जरही लिथियम आयर्न फॉस्फेटचा, १४.६ व्होल्टला थांबणारा घ्यावा. दोन अँपिअरचा घेतला तर रिकामा पॅक भरायला सहा-साडेसहा तास. या सेलना चार्ज करण्याची वरची मर्यादा बहुधा ४५ अंश असते, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे सावलीतही पारा तिथवर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. पूर्वहंगामी कपाशीच्या दिवसांत पंप चार्ज करायचा तर रात्री, घरात. हंगाम संपला की पॅक अर्धा भरून ठेवावा, कारण पाटीही थोडी वीज खातच असते, आणि रिकामा ठेवलेला पॅक पुढच्या जूनपर्यंत मरून गेलेला सापडतो.

पंप दोन तासांतच थांबतो, मग शोधायचे कसे

वर्षभर चार तास चालणारा पंप एके दिवशी दोन तासांत बंद पडतो. मीटर पॅकच्या दोन टोकांना लावला तर तेरा व्होल्ट दिसतात आणि दुकानदार म्हणतो, बॅटरी चांगली आहे. पंपावरचा दिवाही भरलेलाच दाखवतो, कारण तो शिसे-आम्लाच्या मापाचा आहे आणि आयर्न फॉस्फेटचे व्होल्ट शेवटपर्यंत सपाट असतात. पंप थांबताच सेलवरचा भार जातो आणि व्होल्ट पुन्हा वर चढतात. म्हणून मोजायचे ते पंप चालू असताना, तो थांबायच्या थोडे आधी, आणि एकेका जोडीचे.

समजा आकडे असे आले: पहिली ३.२२, दुसरी ३.२३, तिसरी २.७१, चौथी ३.२२. बेरीज १२.३८, म्हणजे बाहेरून सगळे ठीक. पण तिसरी जोडी कोसळते आहे. आता प्रश्न असा की तिची क्षमता कमी झाली, की ती फक्त भरायला मागे राहिली? याचे उत्तर चार्जिंगच्या शेवटी मिळते. पॅक चार्जिंगला लावा आणि शेवटच्या तासात पुन्हा चारही जोड्या मोजा.

तिसरी जोडी ३.३५ वर रेंगाळते आहे आणि बाकीच्या ३.६५ कडे धावल्या, असे दिसले तर ती आजारी नाही, फक्त मागे आहे. बाकीच्यांनी चार्जिंग तोडायला लावले म्हणून ती कधी भरलीच नाही. तिला एकटीला एका सेलच्या चार्जरने ३.६५ पर्यंत भरले की पॅक पूर्ववत होतो. मात्र महिन्याभरात ती पुन्हा मागे पडली, तर तिच्यातला एखादा सेल स्वतःहून वीज गमावतो आहे, आणि तो बदलावा लागेल.

उलट तिसरी जोडीच सगळ्यांच्या आधी ३.६५ ला पोहोचली, तर तिची क्षमता कमी आहे. जी आधी भरते आणि आधीच संपते ती लहान असते. आता वेळ बघा. चार तासांचे तीन-सव्वातीन तास झाले असतील तर जोडीतले सेल थकले आहेत. पण चार तासांचे नेमके दोन तास झाले असतील, तर दोनपैकी एक सेल कामातूनच बाहेर पडला आहे आणि तीनही अँपिअर एकट्यावर आले आहेत. पाठीवरच्या पंपाला दिवसभर हादरे बसतात, त्यामुळे पुष्कळदा सेल ठणठणीत असतो, फक्त त्याच्यावरचे वेल्डिंगचे ठिपके सुटलेले असतात. नवे सेल मागवण्याआधी पॅक उघडून त्या जोडीची पट्टी लाकडी काडीने चारही टोकांना हलकेच उचलून बघावी. सुटलेली सापडली, तर तो सेल एव्हाना शेजाऱ्यापेक्षा वेगळ्या पातळीला आहे हे विसरू नये. जोडीतला दुसरा सेलही सोडवून घ्यावा, दोन्ही वेगवेगळे ३.६५ पर्यंत भरावेत आणि मगच पट्टी पुन्हा वेल्ड करावी.